रोध लावला तर कापतो, कपॅसिटर लावला तर सरकवतो: बायस दिलेल्या क्लिपर-क्लॅम्परचा आउटपुट कागदावर कसा काढायचा

क्लिपर आणि क्लॅम्पर हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात. प्रत्येकात चार-पाच आकृत्या असतात, प्रत्येक आकृतीसमोर एक वेव्हफॉर्म. मुलं त्या जोड्या पाठ करतात, आणि पेपरात डायोड उलटा किंवा बॅटरी उलटी आली की गडबडतात. बॅटरी आली की तर हमखास. ० व्होल्टच्या रेषेवर कापायचं की ३ वर, वरचा भाग ठेवायचा की खालचा, याचा अंदाज मग आकृतीच्या आठवणीवर बांधला जातो.

मी प्रयोगशाळेत हे दोन्ही सर्किट एकाच ब्रेडबोर्डवर, एकाच बैठकीत करून घेतो. कारण दोन्हींमधली मुख्य फांदी एकच आहे: आउटपुट आणि ग्राउंड यांच्या मध्ये एकाखाली एक जोडलेले डायोड आणि बॅटरी. ही फांदी काय करते ते एकदा नीट समजलं की बाकी फक्त एवढंच पाहायचं, की इनपुटकडून येताना वाटेत रोध आहे की कपॅसिटर.

सगळ्या उदाहरणांत इनपुट एकच धरू: १० व्होल्ट पीकची साइन वेव्ह, १ किलोहर्ट्झ. म्हणजे वर +१०, खाली −१०, पीक-टू-पीक २० आणि एक आवर्तन १ मिलिसेकंदाचं. बॅटरी ३ व्होल्टची. सिलिकॉन डायोडचा ड्रॉप ०.७ व्होल्ट. गणितात "आदर्श डायोड" म्हटलं असेल तर ०.७ च्या जागी शून्य घाला, पद्धत तीच राहते.

आधी फांदी वाचायची

इनपुट क्षणभर विसरा. फक्त फांदीकडे पाहा आणि डायोडचं कोणतं टोक आउटपुटच्या बाजूला आहे ते बघा.

ॲनोड वर, आउटपुटच्या बाजूला असेल तर फांदी छताचं काम करते. आउटपुट वर जाऊ लागला की डायोड चालू होतो आणि त्याला पुढे जाऊ देत नाही. कॅथोड वर असेल तर फांदी तळाचं काम करते. आउटपुट खाली घसरू लागला की डायोड चालू होतो आणि त्याला तिथेच धरून ठेवतो.

आता छत किंवा तळ किती उंचीवर आहे? बॅटरीचं जे टोक डायोडला लागलंय त्याचं ग्राउंडच्या तुलनेत व्होल्टेज किती ते चिन्हासकट लिहा. त्याला B म्हणू. बॅटरीचं प्लस टोक डायोडकडे असेल तर B = +३. मायनस टोक डायोडकडे आणि प्लस ग्राउंडला असेल तर B = −३. मग:

```
छत = B + 0.7
तळ = B - 0.7
```

छताला ०.७ मिळवायचे, कारण डायोड चालू व्हायला त्याचा ॲनोड, म्हणजेच आउटपुट, कॅथोडपेक्षा ०.७ ने वर असावा लागतो. तळाला ०.७ वजा करायचे, कारण तिथे आउटपुट हा कॅथोड आहे आणि तो ॲनोडपेक्षा ०.७ ने खाली गेल्यावरच डायोड चालू होतो. ड्रॉपचं चिन्ह चुकतं ते बहुतेक वेळा इथेच. "बॅटरी अधिक ड्रॉप" हे समीकरण सगळीकडे चिकटवलं की अर्ध्या गणितांची उत्तरं चुकतात.

डायोडची दिशा दोन प्रकारची, बॅटरीची दिशा दोन प्रकारची, म्हणून एकूण चार शक्यता: छत ३.७ वर, छत −२.३ वर, तळ २.३ वर, तळ −३.७ वर. यापलीकडे या फांदीत काहीच नाही.

वाटेत रोध: क्लिपर

पहिला प्रयोग छत ३.७ वाला. इनपुट आणि आउटपुटच्या मध्ये १ किलोओहमचा रोध.

```
Vin ---[ 1k ]---+--- Vo
                |
              anode
                D
             cathode
                |
               (+)
               3 V
               (-)
                |
GND ------------+--- GND
```

डायोड बंद असताना फांदी उघडी असते. रोधातून करंट वाहत नाही, म्हणून रोधावर ड्रॉप पडत नाही आणि Vo = Vin. इनपुट ३.७ च्या वर गेला की डायोड चालू होतो, आउटपुट ३.७ वर थांबतो आणि उरलेलं व्होल्टेज रोधावर पडतं. अगदी माथ्यावर रोधावर १० − ३.७ = ६.३ व्होल्ट असतात, म्हणजे डायोडमधून ६.३ मिलिअँपिअर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो एक गडबड करणार आहे.

आकृती काढताना आधी पूर्ण साइन वेव्ह पेन्सिलने फिकट काढा. ३.७ वर आडवी रेघ मारा. रेघेच्या वरचं सगळं खोडा आणि तिथे रेघच गडद करा. खालचा −१० पर्यंतचा भाग जसाच्या तसा राहतो. वेळेच्या अक्षावर सपाट भाग कुठून कुठे ते हवं असेल तर:

```
10 sin θ = 3.7   →   θ = 21.7° आणि 158.3°
```

एका आवर्तनाला १ मिलिसेकंद, म्हणून सपाट भाग साधारण ६० व्या मायक्रोसेकंदाला सुरू होतो आणि ४४० व्या मायक्रोसेकंदाला संपतो. हे दोन कोन आकृतीवर लिहिलेत तर तपासणाऱ्याला शंका राहत नाही, आणि स्कोपवर पडताळून पाहायलाही ते उपयोगी पडतात.

आता बॅटरी उलटी करा. फांदी अजूनही छतच आहे, पण B = −३, म्हणून छत −२.३ वर आलं. म्हणजे इनपुट शून्य असतानासुद्धा डायोड चालू आहे! सबंध धन अर्धचक्रात आउटपुट −२.३ वरच थांबलेला. लाट दिसते ती फक्त इनपुट −२.३ च्या खाली गेल्यावर, −१० पर्यंतची खालची घळ. "धन क्लिपर आहे म्हणून धन भाग कापला, ऋण तसाच ठेवला" असं सवयीने काढणाऱ्यांची इथे फसगत होते. छत शून्याच्या खालीही असू शकतं.

डायोड उलटा केला की तळ. B = +३ असेल तर तळ २.३ वर. आउटपुट २.३ वर पडून राहतो आणि फक्त वरचा २.३ ते १० चा उंचवटा दिसतो. B = −३ असेल तर तळ −३.७ वर, म्हणजे वर पूर्ण +१० आणि खाली −३.७ ला सपाट. दोन्ही फांद्या एकाच वेळी लावल्या, छत ३.७ आणि तळ −३.७, तर लाट दोन्ही बाजूंनी कापली जाते. त्यासाठी नवीन काही शिकायचं नाही.

आउटपुटला लोड असेल तर एक बारीक फरक पडतो. समजा १० किलोओहमचा लोड आहे. डायोड बंद असतानाही आता १ किलोओहम आणि १० किलोओहम यांचा विभाजक तयार होतो आणि Vo = Vin × १०/११. म्हणून खालचा पीक −१० ऐवजी −९.०९ वर थांबतो. छत मात्र ३.७ वरच राहतं, फक्त तिथे पोचायला इनपुटला ४.०७ पर्यंत चढावं लागतं. छत आउटपुटचं असतं, इनपुटचं नाही, हे लोड लावल्यावर नीट दिसतं.

सिरीज क्लिपरमध्ये डायोड आणि बॅटरी वाटेतच असतात आणि रोध ग्राउंडला. तिथे छत-तळ लागू करू नका. डायोड बंद असताना आउटपुट शून्य, आणि चालू असताना इनपुटमधून बॅटरी व ०.७ वजा होऊन जे उरेल ते. म्हणजे लाट कापली जाते आणि उरलेला तुकडा खालीही सरकतो.

प्रत्यक्ष बोर्डवर जे बिघडतं

बायससाठी बॅटरीऐवजी बेंचवरचा रेग्युलेटेड पॉवर सप्लाय लावण्याची पद्धत आहे. एकदा एका बॅचमध्ये छत ३.७ वर यायच्या ऐवजी साडेचारच्याही पुढे चढलेलं दिसत होतं. डायोड बदलला, रोध मोजला, कनेक्शन पुन्हा लावली, तरी तेच. शेवटी सप्लायच्या डिस्प्लेकडे नजर गेली. ३ वर लावलेला सप्लाय स्वतःच ३ च्या वर आकडा दाखवत होता.

कारण साधं आहे. छताच्या या फांदीत करंट डायोडमधून खाली येतो आणि सप्लायच्या प्लस टोकात आत शिरतो. बॅटरी तो करंट आत घेते. बहुतेक साधे रेग्युलेटेड सप्लाय करंट बाहेर देतात, आत घेऊ शकत नाहीत. आत ढकललेला करंट त्यांच्या आउटपुट कपॅसिटरमध्ये साठतो आणि व्होल्टेज वर चढतं. उपाय एका रोधाचा: सप्लायच्या दोन टोकांमध्ये २२० ओहम लावा. ३ व्होल्टवर तो १३.६ मिलिअँपिअर ओढतो. डायोडकडून येणारे जास्तीत जास्त ६.३ मिलिअँपिअर त्यातच खपतात, आणि सप्लायला तरीही थोडा करंट बाहेरच द्यावा लागतो. व्होल्टेज ३ वर स्थिर. किंवा सरळ दोन पेन्सिल सेल लावा, हा प्रश्नच येत नाही.

दुसरी गोष्ट स्कोपची. चॅनेल डीसी कपलिंगवर आहे ना ते आधी बघा. एसी कपलिंगवर स्कोप लाटेची सरासरी काढून टाकतो. वरच्या छत ३.७ च्या आउटपुटची सरासरी −१.५५ व्होल्ट येते, म्हणून एसी कपलिंगवर सपाट भाग ३.७ ऐवजी ५.२५ वर आणि खालचा पीक −८.४५ वर दिसेल. आकार बरोबर, आकडे चुकीचे. मुलं मग डायोडचा ड्रॉप सव्वादोन व्होल्ट आला असं जर्नलमध्ये लिहून मोकळी होतात. शून्याची रेघ कुठे आहे ते प्रोब जोडण्याआधी चॅनेल ग्राउंडवर टाकून पडद्यावर पक्कं करा.

आणि सपाट भाग पट्टीने आखल्यासारखा सपाट दिसणार नाही. खऱ्या डायोडचा ड्रॉप करंटबरोबर बदलतो. थोड्या करंटला ०.५ च्या आसपास, काही मिलिअँपिअरला ०.६५ ते ०.७. म्हणून कोपरे गोलसर आणि मधला भाग किंचित फुगीर दिसतो. ती चूक नाही. १ किलोहर्ट्झला 1N4007 आणि 1N4148 दोन्ही चालतात. १०० किलोहर्ट्झच्या पुढे जायचं असेल तर 1N4148 घ्या, कारण 1N4007 ला बंद व्हायला काही मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात लाट पुढे निघून गेलेली असते.

वाटेत कपॅसिटर: क्लॅम्पर

आता फांदी बदलू नका. तळ २.३ वाली फांदी घ्या: कॅथोड वर, ॲनोडला बॅटरीचं प्लस, मायनस ग्राउंडला. वाटेतला १ किलोओहम काढा आणि तिथे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. आउटपुट आणि ग्राउंडच्या मध्ये १०० किलोओहमचा रोध लावा.

फांदीचं म्हणणं बदललेलं नाही: आउटपुट २.३ च्या खाली जायचा नाही. रोध होता तेव्हा ही अट लाट कापून पाळली गेली. कपॅसिटर रोधासारखा व्होल्टेज खाऊन टाकत नाही, तो साठवून ठेवतो. म्हणून आता अट पाळली जाते ती सगळी लाट वर सरकवून.

हे एकदा क्षणाक्षणाने पाहिलंच पाहिजे. सुरुवातीला कपॅसिटर रिकामा, इनपुट शून्य. आउटपुट शून्य, म्हणजे तळाच्या खाली, म्हणून डायोड लगेच चालू होतो आणि कपॅसिटर २.३ पर्यंत भरतो, आउटपुटच्या बाजूला प्लस. मग इनपुट वर चढतो, डायोड बंद, आणि आउटपुट इनपुटपेक्षा २.३ ने वर राहून १२.३ पर्यंत जातो. परत येताना इनपुट शून्याच्या खाली उतरला की आउटपुट २.३ च्या खाली जाऊ पाहतो, डायोड चालू होतो, आणि इनपुट जेवढा खाली जाईल तेवढा कपॅसिटर आणखी भरत जातो. हे इनपुट −१० ला पोचेपर्यंत चालतं. त्या क्षणी:

```
Vc = Vo - Vin = 2.3 - (-10) = 12.3 V
```

त्यानंतर इनपुट वर वळतो, डायोड बंद होतो, आणि कपॅसिटरला रिकामं व्हायला १०० किलोओहमशिवाय वाट उरत नाही. ती वाट फार चिंचोळी आहे. म्हणून १२.३ जवळपास तसेच राहतात आणि पुढच्या प्रत्येक क्षणी:

```
Vo = Vin + 12.3
```

खाली २.३, वर २२.३, मध्य १२.३. पीक-टू-पीक २० चे २०च. हीच पहिली तपासणी: क्लॅम्परच्या उत्तरात पीक-टू-पीक बदललं असेल तर कुठेतरी चुकलं आहे. प्रत्यक्षात फंक्शन जनरेटरचा ५० ओहमचा आतला रोध वाटेत असतो, म्हणून पूर्ण १२.३ भरायला एकाऐवजी काही आवर्तनं लागतात. स्कोपवर तुम्हाला ती सहसा दिसतही नाहीत.

कागदावर मात्र एवढं सगळं लिहायची गरज नाही. तळ असेल तर लाटेचा खालचा पीक तळावर टेकवा, छत असेल तर वरचा पीक छताला लावा, आणि तिथून २० व्होल्ट मोजा. चारही उत्तरं अशी निघतात:

```
छत  3.7  →  -16.3 ते  3.7
छत -2.3  →  -22.3 ते -2.3
तळ  2.3  →   2.3 ते 22.3
तळ -3.7  →  -3.7 ते 16.3
```

या पद्धतीला एक मर्यादा आहे, आणि ती विचारली जाते. समजा B = +१२ आहे आणि फांदी छताची. छत १२.७ वर, आणि लाट १० च्या वर जातच नाही. डायोड कधीच चालू होणार नाही, कपॅसिटर भरणार नाही, लाट जागच्या जागी राहील. छत लाटेला वर ओढून घेत नाही, ते फक्त खाली ढकलू शकतं. तळ १२ − ०.७ = ११.३ वर असेल तर मात्र गोष्ट वेगळी: तिथे डायोड सुरुवातीलाच चालू होतो, बॅटरीच कपॅसिटर भरते आणि लाट ११.३ ते ३१.३ मध्ये जाते. म्हणून पीक टेकवण्याआधी एकदा विचारा, न सरकवलेली लाट या छताच्या वर किंवा तळाच्या खाली जाते का? जात नसेल तर क्लॅम्पिंग नाही.

कपॅसिटर किती मोठा

RC हा गुणाकार आवर्तनकाळापेक्षा बराच मोठा हवा. आपल्याकडे १ मायक्रोफॅरड गुणिले १०० किलोओहम म्हणजे १०० मिलिसेकंद, आवर्तनाच्या शंभर पट. १०० किलोओहममधून सरासरी १२.३ व्होल्ट ÷ १०० किलोओहम = ०.१२३ मिलिअँपिअर वाहतात, म्हणून एका मिलिसेकंदात कपॅसिटर साधारण ०.१२ व्होल्ट गमावतो. पडद्यावर ते जाणवत नाही.

हेच सर्किट ट्रान्सफॉर्मरवरून ५० हर्ट्झला लावून पाहा. आवर्तन २० मिलिसेकंदांचं झालं, आणि दर आवर्तनात सुमारे २ व्होल्ट गळू लागले. माथा २२.३ च्या खालीच राहतो आणि तळाशी एक सपाट तुकडा दिसू लागतो, कारण गळलेलं भरून काढायला डायोडला जास्त वेळ चालू राहावं लागतं. तळाचा हा चपटेपणा दिसला की समजायचं, RC कमी पडतोय. कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरड आणि रोध १० किलोओहम लावला तर १ किलोहर्ट्झलाही लाट ओळखू येणार नाही इतकी मोडते. अर्धा क्लिपर, अर्धा क्लॅम्पर असं काहीतरी दिसतं.

कपॅसिटर इलेक्ट्रोलायटिक असेल तर त्याचा प्लस आपल्या उदाहरणात आउटपुटच्या बाजूला जातो. छताच्या दोन्ही उदाहरणांत Vc उलटा येतो, म्हणून प्लस जनरेटरकडे. मुलांना आपण इनपुटकडे प्लस लावायची सवय लावलेली असते, ती इथे घातक ठरते. Vc चं चिन्ह काढा, मग कपॅसिटर लावा. १२.३ व्होल्टसाठी २५ व्होल्टचा कपॅसिटर पुरेसा आहे. डायोडवर उलटं व्होल्टेज जास्तीत जास्त २२.३ − ३ = १९.३ येतं, ते 1N4148 आणि 1N4007 दोघांनाही झेपतं.

क्लॅम्पर पाहताना एसी कपलिंग राहून गेलं तर पडद्यावर −१० ते +१० ची साधी साइन वेव्ह दिसते, जणू सर्किटने काही केलंच नाही. कपॅसिटर आणि डायोडने मिळवलेले १२.३ व्होल्ट स्कोपच्या आतल्या कपॅसिटरने परत काढून घेतलेले असतात. शंका असेल तर मल्टिमीटर डीसीवर लावून आउटपुट मोजा. मीटर सरासरी दाखवतो, आणि ती १२.३ च्या आसपास असेल तर सर्किट चोख आहे.